रेझ्युमेचा स्कोअर आणि प्रत्यक्ष काम: जुने गुण ताडून पाहण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेझ्युमेला गुण देऊन उमेदवार निवडणाऱ्या बऱ्याच भरती विभागांनी ते गुण पुढे खरे ठरले का, हे कधी तपासलेलंच नसतं. जिथे तपासलं जातं तिथेही एक गोष्ट हमखास निसटते: आपल्या हातात फक्त निवडलेल्यांचा हिशेब असतो. खालच्या बहुतेक उत्तरांचा रोख त्याच गोष्टीकडे आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे. आकडे काल्पनिक आहेत, पण एकमेकांशी जुळणारे आहेत. ग्राहक-सेवेच्या पदांसाठी दोन वर्षांत 1,500 अर्ज आले. प्रत्येक रेझ्युमेला 100 पैकी गुण दिले: अनुभवाला 40, शिक्षणाला 30, कौशल्यांना 30, आणि करिअरमध्ये खंड असेल तर 10 गुण वजा. 60 किंवा त्याहून जास्त गुण असलेले साधारण 450 जण मुलाखतीला गेले आणि त्यांतले 120 जण रुजू झाले.

नेमकं काय ताडून पाहायचं असतं?

प्रत्येक रुजू झालेल्या व्यक्तीमागे दोन आकडे: अर्ज करताना तिला मिळालेले गुण, आणि कामावर आल्यानंतर तिचं काम कसं होतं याचं एक माप. पहिला आकडा वाढतो तसा दुसराही वाढतो का, आणि किती, एवढाच प्रश्न आहे. गणित दहा मिनिटांचं आहे. खरा वेळ जातो तो हे दोन्ही आकडे विश्वास ठेवण्याजोगे करण्यात.

जुने रेझ्युमे आजच्या पद्धतीने पुन्हा तपासून गुण दिले तर चालेल का?

निवडीच्या वेळी दिलेले गुण जसेच्या तसे जपलेले असतील तर तेच घ्या. पुन्हा गुण द्यावेच लागले तर रेझ्युमे अर्जाच्या तारखेचा हवा. कर्मचाऱ्याच्या फाइलमध्ये नंतर जोडलेला रेझ्युमे चालणार नाही, कारण त्यात तुमच्याकडेच मिळवलेला अनुभव आणि प्रमाणपत्रं आलेली असतात. गुण देणाऱ्याला तो माणूस पुढे कसा निघाला हेही माहीत असता कामा नये. माहीत असेल तर चांगल्या कर्मचाऱ्याच्या रेझ्युमेत चांगल्याच गोष्टी दिसू लागतात.

एक गोष्ट आजपासूनच करा. नाकारलेल्या उमेदवारांचे गुणही जपून ठेवा. नावं, फोन नंबर काढून टाकले तरी चालतील, गुण मात्र हवेत. पुढे त्यांच्याशिवाय अडतं.

वार्षिक अप्रेझलचं रेटिंग हेच कामाचं माप म्हणून घेतलं तर?

सोयीचं आहे, पण तीन कारणांनी दगा देतं.

पहिलं कारण, मॅनेजरने तो स्कोअर आधीच पाहिलेला असतो. "हा 85 वाला आहे" हे डोक्यात असलं की त्याला चांगली कामं मिळतात, त्याच्या चुका पोटात घातल्या जातात आणि वर्षअखेरीस रेटिंगही चांगलं येतं. मग स्कोअर आणि रेटिंग जुळलेले दिसतात, पण त्यातून कळतं ते इतकंच की मॅनेजरने स्कोअरवर विश्वास ठेवला होता. दुसरं, एक मॅनेजर हात राखून रेटिंग देतो, दुसरा सढळ हाताने. तिसरं, बहुतेक ठिकाणी पाचपैकी तीन किंवा चार याच रेटिंगमध्ये जवळजवळ सगळे बसतात. जिथे सगळे सारखेच दिसतात तिथे फरक ओळखायचा कशावरून?

आपल्या उदाहरणात म्हणून वेगळं माप घेऊ. पहिले तीन महिने प्रशिक्षणाचे. चौथ्या ते सहाव्या महिन्यात प्रत्येकाने सोडवलेल्या तक्रारींपैकी काही चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडायच्या, त्यांवरचं नाव झाकायचं आणि स्कोअर न पाहिलेल्या दोन तपासनिसांनी प्रत्येकीला 20 पैकी गुण द्यायचे. दोघांचे गुण एकमेकांशी बऱ्यापैकी जुळत नसतील तर पुढे जाऊच नका. आधी तपासणीचे निकष स्पष्ट करा, कारण जे माप स्वतःशीच जुळत नाही ते स्कोअरशी काय जुळणार?

रात्रपाळीला किचकट तक्रारी जास्त येत असतील तर प्रत्येकाच्या सरासरीतून त्याच्या पाळीची सरासरी वजा करा, म्हणजे तुलना एकाच पाळीतल्या लोकांमध्ये होते. मॅनेजरचं रेटिंग वापरण्यावाचून गत्यंतर नसेल तर त्या मॅनेजरच्या सरासरीबाबतही हेच करा.

मध्येच सोडून गेलेल्यांचं काय करायचं?

त्यांना यादीतून काढू नका. समजा 120 पैकी 18 जण वर्ष पूर्ण होण्याआधी गेले, आणि त्यांतल्या 11 जणांना काम जमत नसल्यामुळे थांबवलं होतं. बारा महिन्यांचं रेटिंग हेच माप धरलं तर हे 11 जण हिशेबातून आपोआप गळतात. म्हणजे स्कोअरच्या ज्या चुका सर्वांत ठळक होत्या, त्याच नेमक्या पुसल्या जातात.

आपण चौथ्या ते सहाव्या महिन्याचं माप घेतलं त्याचं हे एक मोठं कारण. तोवर जवळजवळ सगळे कामावर असतात. या उदाहरणात प्रशिक्षणात कुणी गळलं नाही आणि 120 च्या 120 जणांच्या काही ना काही तपासलेल्या तक्रारी हाताशी आहेत. "किती टिकला" हा प्रश्न वेगळा ठेवा. टिकणं आणि चांगलं काम करणं यांची सरमिसळ केली की दोन्हींतलं काहीच नीट कळत नाही. चांगलं काम करणारे लोक अधिक चांगली नोकरी मिळाली म्हणूनही जातात.

आकडा कसा काढायचा, आणि तो वाचायचा कसा?

स्प्रेडशीटच्या B स्तंभात रेझ्युमेचे गुण आणि C स्तंभात कामाचे गुण असतील तर:

```
=CORREL(B2:B121, C2:C121)
```

उत्तर म्हणजे सहसंबंध. 0 म्हणजे काही संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण जुळणी. आपल्या उदाहरणात तो 0.16 आला असं धरू.

वरिष्ठांना 0.16 सांगितलं तर त्यांच्या हाती काही लागत नाही, म्हणून त्याच 120 जणांचे गुणांनुसार तीन समान गट पाडा. तपासणीत अपेक्षित पातळी गाठलेले लोक वरच्या 40 पैकी 24, मधल्या 40 पैकी 21 आणि खालच्या 40 पैकी 18 निघाले. वरच्या गटात 60 टक्के, खालच्या गटात 45 टक्के. स्कोअर काहीतरी सांगतो आहे, पण त्याच्या भरवशावर एखाद्याला थेट नाही म्हणावं इतकं सांगत नाही. शिवाय आलेख काढून डोळ्यांनी बघाच. दोनचार टोकाचे बिंदू सगळा आकडा ओढून नेत असतील तर ते आलेखातच दिसतं.

0.16 म्हणजे स्कोअर टाकाऊ आहे, असं म्हणायचं का?

घाई नको. या 120 जणांत 60 च्या खालचा एकही माणूस नाही. 1,500 अर्जदारांच्या गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीपासून किती पसरलेले आहेत याचं माप, 15 होतं. रुजू झालेल्यांचं ते 7.5 उरलं. पसारा निम्म्यावर आला. ज्या गुणांत फरकच थोडा उरला, त्यांच्यामुळे कामात पडणारा फरकही थोडाच दिसणार. उंचीचा बास्केटबॉलमधल्या यशाशी संबंध आहे का, हे फक्त राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंवरून ठरवायला गेलं की असंच होतं.

या आकुंचनासाठी थॉर्नडाइक यांच्या नावाने ओळखलं जाणारं एक जुनं दुरुस्ती-सूत्र आहे. r म्हणजे दिसलेला सहसंबंध, आणि U म्हणजे अर्जदारांचं प्रमाण विचलन भागिले रुजू झालेल्यांचं:

```
rc = r*U / sqrt(1 + r^2*(U^2 - 1))
U  = 15/7.5 = 2
rc = 0.32 / sqrt(1 + 0.0256*3) = 0.31
```

म्हणजे सगळ्या 1,500 जणांना कामावर घेतलं असतं तर सहसंबंध साधारण 0.31 दिसला असता, असा हा अंदाज. नाकारलेल्यांचे गुण जपा म्हटलं ते याचसाठी. ते नसतील तर 15 हा आकडा आणणार कुठून?

मग अहवालात 0.31 च लिहायचं ना?

दोन्ही आकडे लिहा, आणि दुरुस्त केलेला आकडा कशाच्या आधारावर काढला तेही लिहा. हे सूत्र धरून चालतं की निवड फक्त स्कोअरवर झाली, आणि 60 च्या वर जो संबंध आहे तोच सरळ रेषेत 60 च्या खालीही चालू राहतो. आपल्याकडे मात्र स्कोअरनंतर मुलाखतही झाली आहे. 61 गुणांचा माणूस 120 जणांत आला तो बहुधा मुलाखत फारच छान झाली म्हणून. 88 गुणांचा माणूस मध्यम मुलाखतीवरही आत आला असेल, विशेषतः मुलाखत घेणाऱ्यांसमोर स्कोअर पडलेला असेल तर. अशा वेळी कमी गुणांचे लोक कामात चांगले निघतात आणि स्कोअर बिनकामाचा दिसतो. प्रत्यक्षात त्यांना मुलाखतीने निवडलेलं असतं. हे घोळ साध्या सूत्राने सुटत नाहीत.

दुरुस्ती सढळ हाताने केली तर काय होतं, याचं उदाहरण या क्षेत्रातच आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी 1998 मध्ये अनेक दशकांचे अभ्यास एकत्र करून निवडपद्धतींचे सहसंबंध मांडले. त्यात आखीव मुलाखतीला, म्हणजे सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारणाऱ्या मुलाखतीला, 0.51 आणि अनुभवाच्या वर्षांना 0.18 असे आकडे होते. 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा आकड्यांमधली आकुंचनाची दुरुस्ती बऱ्याच ठिकाणी गरजेपेक्षा जास्त होती. त्यांच्या नव्या अंदाजात आखीव मुलाखत 0.42 वर आली आणि अनुभवाची वर्षं 0.07 वर. ज्या स्कोअरमध्ये 100 पैकी 40 गुण अनुभवाच्या वर्षांना आहेत, तो वापरणाऱ्याने हा शेवटचा आकडा नीट लक्षात घ्यावा.

120 माणसं पुरेशी आहेत का?

ठाम निष्कर्षासाठी नाहीत. 120 जणांवर 0.16 दिसला तर खरा सहसंबंध, 95 टक्के खात्रीच्या पट्ट्यात, उणे 0.02 ते 0.33 यांत कुठेही असू शकतो. तोच पट्टा वरच्या सूत्रातून काढला तर उणे 0.04 ते 0.57 होतो. म्हणजे "अजिबात उपयोग नाही" आणि "उत्तम आहे" ही दोन्ही मतं याच डेटात बसतात. दुरुस्तीने आकडा मोठा होतो तशी त्यातली अनिश्चितताही मोठी होते, हे विसरलं जातं.

अंदाज म्हणून सांगायचं तर, खरा सहसंबंध 0.3 असेल तर तो पाचात चार वेळा पकडायला साधारण 85 माणसं लागतात. 0.2 असेल तर जवळपास 200. तुमच्याकडे 25 जणांचाच डेटा असेल तर आकडा काढूच नका. माप ठरवा, नोंदी सुरू करा आणि संख्या वाढू द्या. वेगवेगळ्या पदांची माणसं एकत्र करून संख्या फुगवण्याचा मोह होतो, पण विक्रीतलं चांगलं काम आणि हिशेबातलं चांगलं काम एका मापाने मोजता येत नाही.

स्कोअरचे भाग वेगळे करून पाहिले तर शिक्षणाचा संबंध उणे आला. म्हणजे कमी शिकलेले लोक चांगलं काम करतात?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि यातच सगळ्यांत जास्त चुकीचे निर्णय घेतले जातात, म्हणून जरा सावकाश पाहू.

60 ची रेषा एकूण गुणांवर आहे. शिक्षणात 30 पैकी 10 च मिळालेला माणूस आत येतो तो अनुभव आणि कौशल्यांत निदान 50 गुण मिळवूनच. शिक्षणात 28 मिळालेल्याला बाकीच्या दोन्हींत मिळून 32 पुरतात. त्यामुळे निवडलेल्यांपुरतं चित्र असं बनतं की शिक्षण कमी तर बाकीचं जास्त. अर्जदारांमध्ये या दोन गोष्टींचा संबंध नसला तरी आपल्या रेषेने तो तयार केला. आता कामावर खरा परिणाम कौशल्यांचा असेल, तर कमी शिक्षणाचे लोक कामात पुढे दिसतात आणि शिक्षण जणू नुकसान करतं आहे असं वाटू लागतं.

हे झालं आहे का ते ओळखणं सोपं आहे. शिक्षण आणि बाकीच्या गुणांचा सहसंबंध आधी सगळ्या 1,500 अर्जदारांत काढा, मग फक्त रुजू झालेल्या 120 जणांत. पहिला शून्याच्या आसपास आणि दुसरा ठळक उणे आला, तर उलट्या चिन्हाचं कारण तुमचीच कट-ऑफ असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी एकेका भागाचा सुटा सहसंबंध पाहू नका. तिन्ही भाग एकत्र घेऊन बहुचल प्रतिगमन करा, म्हणजे बाकीचे दोन भाग सारखे असताना शिक्षणाने काय फरक पडतो ते दिसेल. तेही मुलाखतीचा घोळ पूर्णपणे काढत नाही, पण चित्र बरंच सरळ करतं.

या डेटावरून स्कोअरच्या कोणत्या भागाला किती वजन द्यायचं याचे नवे भारांक काढले आणि सहसंबंध 0.16 वरून 0.34 झाला. वापरायला सुरुवात करू?

नका करू. ज्या 120 जणांवरून भारांक ठरवले त्यांच्यावरच ते तपासले, तर आकडा वाढणारच. त्यात त्या विशिष्ट माणसांचे योगायोगही शिकले गेलेले असतात. पहिल्या वर्षी रुजू झालेल्यांवरून भारांक ठरवा आणि ते कायम ठेवून दुसऱ्या वर्षीच्या लोकांवर तपासा. तिथे 0.34 घसरून 0.12 वर आला, तर सुधारणा केवळ कागदावर होती.

संख्या थोडी असताना सगळ्या भागांना सारखाच भारांक देणं पुष्कळदा जास्त टिकाऊ ठरतं. रॉबिन डॉस यांनी 1979 मध्ये अशा साध्या भारांकांची ताकद दाखवून दिली होती. बारकाईने बसवलेले भारांक नव्या माणसांवर त्यांच्यापुढे फिके पडू शकतात. अर्थात, निवडलेले भाग मुळात योग्य दिशेने काम करणारे हवेत.

करिअरमध्ये खंड असल्याबद्दल 10 गुण कापतो. ते बरोबर की चूक, हे यातून कळेल का?

कळू शकतं. सारख्याच एकूण गुणांच्या लोकांची तुलना करा: 65 ते 70 मध्ये बसलेले, काहींचा खंड आहे, काहींचा नाही. कापलेले 10 गुण योग्य असतील तर दोन्ही गटांचं काम सारखं दिसलं पाहिजे. खंड असलेले लोक त्याच गुणांवर सातत्याने चांगलं काम करत असतील, तर स्कोअर त्यांना कमी लेखतो आहे. ही तपासणी केवळ गुणांच्या सुबकतेसाठी नाही. बाळंतपण, आजारी माणसाची देखभाल यांसाठी थांबलेले लोक या 10 गुणांमुळे 60 च्या खाली जातात, आणि त्यांत बहुसंख्येने स्त्रिया असतात. एखाद्या गटाला मागे टाकणारी वजाबाकी कामाशी जोडून दाखवता येत नसेल तर ती काढून टाकावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

निष्कर्ष काढताना गटातली माणसं मोजा. खंड असलेले 120 पैकी नऊच असतील तर हा निष्कर्ष पुढच्या भरतीपर्यंत राखून ठेवा.

60 च्या खालच्या लोकांबद्दल खात्रीने काही सांगण्याचा मार्ग आहे का?

एकच भरवशाचा मार्ग आहे: त्यांतल्या काहींना आत येऊ देणं. पुढच्या भरतीत 45 ते 59 गुणांच्या अर्जदारांमधून चिठ्ठ्या टाकून, समजा, 60 जण मुलाखतीला बोलवा. मुलाखत घेणाऱ्यांना कुणाचाही स्कोअर दाखवू नका. यांतून निवडलेल्यांना बाकीच्यांसारखंच प्रशिक्षण द्या आणि त्याच मापाने तपासा. माणसं निवडताना "यातले त्यातल्या त्यात बरे" असं कुणी हाताने ठरवलं तर सगळा उपयोग गेला, म्हणून चिठ्ठी.

यावर नेहमी येणारा आक्षेप म्हणजे खर्च. पण कुणालाही मुलाखतीशिवाय घेतलेलं नाही. वाढल्या त्या 60 मुलाखती. त्याबदल्यात पसारा वाढतो, दुरुस्तीच्या सूत्रावरचं अवलंबन कमी होतं आणि सीमारेषेच्या दोन्ही बाजूंची माणसं शेजारी ठेवून पाहता येतात. 55 ते 59 आणि 60 ते 64 या दोन गटांच्या कामात फरक दिसत नसेल, तर 60 ची रेषा तिथे असण्याचं काही कारण नाही. ती खाली आणता येईल, किंवा त्या भागात स्कोअरऐवजी अर्ध्या तासाचं प्रत्यक्ष काम देऊन निवड करता येईल: दोन खऱ्यासारख्या तक्रारी द्यायच्या आणि उत्तरं लिहून घ्यायची.

एकदा तपासलं की किती काळ पुरतं?

काम, अर्जदार किंवा गुणपद्धत यांपैकी काही बदलेपर्यंत. फोनवरची सेवा चॅटवर गेली की तपासणी पुन्हा सुरुवातीपासून. गुण कशाला मिळतात हे अर्जदारांना कळलं की तेवढ्याच शब्दांनी भरलेले रेझ्युमे येऊ लागतात आणि कौशल्यांच्या 30 गुणांतला फरक पुसला जातो. याची चाहूल कामगिरीच्या आकड्यांआधी लागते: दर तिमाहीला अर्जदारांच्या कौशल्य-गुणांची सरासरी आणि प्रमाण विचलन काढत राहा. सरासरी चढत असेल आणि विचलन घटत असेल, तर सहा महिने वाट न पाहता त्या भागाचे निकष आधी बघा.